तीन नंबर, एकच रांग

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा काल रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. "सर, ओबीसी रँक २७,११८ आलीय. आपल्या सोलापूरच्या मेडिकलला नंबर लागेल का?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं असतं तर तू आकडा लक्षात ठेवला असतास आणि त्यामागचं कारण विसरली असतीस. शिवाय तुझा दादा तुला सांगतोय, "कॅटेगरी रँकच बघतात." म्हणून सविस्तर लिहितो. नीटचं स्कोअरकार्ड शेजारी घेऊन बस.

त्यावर दोन क्रमांक आहेत. अखिल भारतीय क्रमांक ६१,४३० आणि त्याखाली ओबीसी प्रवर्गातला २७,११८. तिसरा, राज्याचा क्रमांक, तिथे शोधू नकोस. परीक्षा घेणारी एनटीए तो देतच नाही. तो राज्यातले प्रवेश बघणाऱ्या आपल्या मुंबईच्या सीईटी सेलच्या यादीत येतो, तोही तू त्यांच्याकडे वेगळी नोंदणी केल्यावर.

आता एक गोष्ट लक्षात घे. नीट परीक्षा दिलेल्या सगळ्या देशातल्या मुलांची एकच लांब रांग लागलेली आहे. त्या रांगेत तू ६१,४३० व्या जागी उभी आहेस. ही जागा आता कुठल्याही फेरीत बदलणार नाही. तुझ्यापुढच्या सगळ्यांना मोजलं की देशाचा क्रमांक येतो. पुढच्यांपैकी फक्त ओबीसी लिहिलेल्यांना मोजलं की प्रवर्गाचा क्रमांक येतो. पुढच्यांपैकी फक्त महाराष्ट्रात नोंदणी केलेल्यांना मोजलं की राज्याचा क्रमांक येतो. रांग तीच असते, कोणाकोणाला मोजायचं एवढंच बदलतं. त्यामुळे २७,११८ हा आकडा ६१,४३० पेक्षा लहान दिसतो म्हणून तू पुढे सरकली आहेस असं होत नाही.

जागा वाटणारे काय बघतात? देशाच्या कोट्यासाठी दिल्लीची एमसीसी आणि राज्याच्या कोट्यासाठी सीईटी सेल, दोघेही याच रांगेच्या क्रमाने एकेकाला पुढे बोलावतात. म्हणजे अखिल भारतीय क्रमांकाने. राज्याच्या यादीचा क्रमही त्यावरच लावलेला असतो. प्रवर्गाचा उपयोग तुला कोणत्या जागेवर हक्क आहे हे ठरवायला होतो, तुझी पाळी कधी येणार हे ठरवायला नाही. स्कोअरकार्डवरचा २७,११८ या दोन्ही ठिकाणी कुणी उघडूनही बघत नाही.

दादा मात्र खोटं सांगत नाहीये. तो जेईईतून एनआयटीला गेला. तिथलं वाटप जोसा करते, आणि तिथे राखीव जागांचे कटऑफ खरोखरच प्रवर्गाच्या क्रमांकात छापलेले असतात. ओबीसीच्या रकान्यातला आकडा ओबीसी यादीतला क्रमांक असतो, फक्त खुल्या जागेचा आकडा सामाईक यादीतला असतो. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात, तरी त्यासाठी राज्याचा वेगळा क्रमांक लागत नाही. दादाने पाहिलं ते त्याच्या दारात खरं होतं. तुझं दार वेगळं आहे.

या घोटाळ्याने नुकसान झालेला एक मुलगा माझ्याच वर्गातला होता. त्याचा ओबीसी क्रमांक अकरा हजारांच्या घरात होता. एमसीसीच्या आदल्या वर्षीच्या यादीत ओबीसी जागेवर शेवटचा आकडा त्याला तेवीस हजारांच्या आसपास दिसला. त्याला वाटलं, आपण निम्म्याहून आत आहोत. पसंतीक्रमात तीनच कॉलेजं भरली, तीही नावाजलेली. पण यादीतला तेवीस हजार हा आकडा अखिल भारतीय क्रमांक होता आणि त्याचा स्वतःचा अखिल भारतीय क्रमांक पंचवीस हजारांच्या पुढे होता. पहिल्या फेरीत त्याला काहीच मिळालं नाही. त्या संध्याकाळी तो पार्क चौकात माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. यादी त्यानेच डाउनलोड केली होती, पण रकान्याचं नाव वाचलं नव्हतं.

म्हणून तू एमसीसीच्या निकालाची पीडीएफ उघडलीस की आधी रकाने बघ. `Rank` म्हणजे अखिल भारतीय क्रमांक. पुढे `Allotted Category` आणि `Candidate Category` असे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. पहिल्यात जागा कोणती दिली ते असतं आणि दुसऱ्यात मूल कोणत्या प्रवर्गाचं आहे ते. एकात खुला आणि दुसऱ्यात ओबीसी अशा कितीतरी ओळी दिसतील. खुली जागा खुल्या प्रवर्गातल्या मुलांची राखीव जागा नसते, ती रांगेत पुढे असलेल्या कुणाचीही असते. ओबीसी जागेचा कटऑफ काढताना ज्या ओळीत ओबीसीची जागा दिली आहे त्याच ओळी धर.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ, म्हणजे सिव्हिलशी जोडलेल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजकडे. तिथल्या एमबीबीएसच्या २०० जागा धर. त्यातल्या १५ टक्के म्हणजे ३० जागा एमसीसीकडे जातात आणि १७० राज्याकडे राहतात. एकाच इमारतीत जायला ही दोन दारं आहेत, आणि दोन्ही दारांवर तुझी ओळख वेगळी आहे. हाच या पत्राचा गाभा आहे.

तुम्ही धनगर. केंद्राच्या यादीत हा समाज ओबीसीत आहे, म्हणून नीटच्या अर्जात तू ओबीसी भरलंस ते बरोबर. पण महाराष्ट्राच्या यादीत तुम्ही भटक्या जमाती क, म्हणजे एनटी-सी, आणि त्याला ३.५ टक्के आरक्षण आहे. एमसीसीच्या दारावर त्या ३० पैकी २७ टक्के, म्हणजे साधारण आठ जागा ओबीसीच्या. त्यांच्यासाठी केरळपासून राजस्थानपर्यंतची सगळी ओबीसी मुलं तुझ्यासोबत आहेत. तुझ्यापुढचे सत्तावीस हजार ते हेच. या दारातून शासकीय जागा मिळण्याची आशा मी तुला दाखवणार नाही, तरी अर्ज भर. राज्याच्या दारावर मात्र १७० च्या ३.५ टक्के म्हणजे सुमारे सहा जागा एनटी-सीच्या, आणि त्या रांगेत फक्त महाराष्ट्रातली एनटी-सी मुलं. ते सत्तावीस हजार इथे जवळजवळ सगळे गळून पडतात. तुझ्या स्कोअरकार्डवर या रांगेतला तुझा नंबर कुठेच छापलेला नाही. तो तुला स्वतः मोजावा लागेल.

कसा, ते सांगतो. सीईटी सेलची तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की त्यात राज्य गुणवत्ता क्रमांक असेल, मुलं त्याला एसएमएल म्हणतात. अखिल भारतीय क्रमांक आणि प्रवर्गही असतो. तुझ्या ओळीच्या वर एनटी-सी किती आहेत ते मोज. तो आकडा आणि राज्यातल्या सगळ्या शासकीय कॉलेजांतल्या एनटी-सी जागांची बेरीज शेजारी ठेव. ती बेरीज फेरीआधी निघणाऱ्या जागांच्या तक्त्यात मिळते. वरच्यांपैकी काहीजण खुल्या जागेवर जातील, काही एम्सला किंवा देशाच्या कोट्यातून बाहेर जातील. म्हणजे खरी रांग तू मोजलेल्या आकड्यापेक्षा थोडी आखूडच निघेल.

वाटप कसं चालतं ते एका लहान उदाहरणात बघ. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. समज, सोलापुरात तीनच जागा उरल्या आहेत: एक खुली, एक ओबीसी, एक एनटी-सी. रांगेत आधी ३०,००० क्रमांकाची ओबीसी मुलगी आली. तिला खुली जागा मिळाली. मग ४१,००० चा एनटी-सी मुलगा आला. खुली संपलेली, म्हणून त्याने एनटी-सी घेतली. मग ५५,००० ची खुल्या प्रवर्गातली मुलगी आली, तिला इथे काही नाही. ५८,००० च्या ओबीसी मुलाला ओबीसी जागा मिळाली. मग तू ६१,४३० वर आलीस, जागा संपलेल्या. आता एवढंच बदल कर, की त्या ४१,००० च्या मुलाने मुंबईचं कॉलेज वर लिहिलं होतं आणि ते त्याला मिळालं. एनटी-सी जागा रिकामी राहिली आणि ती तुला मिळाली. ५५,००० वाली तुझ्यापेक्षा सहा हजारांनी पुढे असूनही तिला मिळाली नाही. म्हणून "राज्यात अमुक क्रमांकापर्यंत लागतं" असं कुणी सांगितलं की विचार, कोणत्या प्रवर्गाच्या जागेवर?

राज्य क्रमांकाबद्दल आणखी एक. तात्पुरत्या यादीतून अंतिम यादी होताना नावं गळतात, वाढतात, आणि तुझा एसएमएल इकडेतिकडे होतो. घाबरू नकोस, क्रम तोच राहतो. मागच्या वर्षीशी तुलना करायची ती अखिल भारतीय क्रमांकाची कर. गुणांची तर मुळीच नको. २०२४ ला पूर्ण ७२० गुणांचे विद्यार्थी होते, २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. तेच गुण दोन वर्षांत हजारोंनी वेगळ्या जागी नेऊन ठेवतात. आणि कुणी २०२० आधीच्या याद्या दाखवल्या तर बाजूला ठेव. तेव्हा विभागवार ७०:३० चा कोटा होता, तो त्या वर्षी रद्द झाला.

हे सगळं गणित तू राज्याच्या दारावर एनटी-सी म्हणून उभी राहिलीस तरच. त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू नॉन-क्रिमीलेअर हवं. वैधता नसेल तर तुला खुल्यात धरतील आणि त्या सहा जागा तुझ्यासाठी उरणार नाहीत. केंद्रासाठीचं ओबीसी प्रमाणपत्र वेगळ्या नमुन्यात असतं, ते इथे चालत नाही आणि इथलं तिथे चालत नाही. सेतूत दोन्ही वेगवेगळी मागून घे. राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली लागते. तू दोन्ही इथेच केलीस, त्यामुळे तो प्रश्न नाही. अक्कलकोटकडची काही मुलं बारावीला विजयपूर-कलबुर्गीला जातात आणि हा मूळ नियम त्यांच्या आड येतो. तुझी मैत्रीण तिकडे शिकली असेल तर तिला आजच सांग.

पसंतीक्रम भरताना सोलापूर घराजवळ आहे म्हणून वर लिहायचं असेल तर लिही, पण त्याखाली यादी लांब ठेव. वर लिहिलेलं मिळालं नाही तर खालचं मिळण्यात काही कमी होत नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी आहे. वैधतेची मूळ प्रत घेऊन ये, आणि तोवर यादी लागली असेल तर तुझ्यावरचे एनटी-सी मोजून आकडा कागदावर लिहून आण. आपण दोघं पुन्हा एकदा मोजू.

तुझे,
सर