अंड्याच्या रस्स्याचा ताटापुरता हिशोब

चौघांचा रस्सा एकाच पातेल्यात होतो, आई तेल पळीनं ओतते. माझ्या वाट्याला किती आलं, कसं काढू? – कराड

अंडी आणि रस्सा वेगळे धरा. सोललेल्या मध्यम अंड्यात साधारण ७४ कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं आणि ५ ग्रॅम चरबी असते. रस्स्यातल्या बहुतेक कॅलरी तेलातून येतात, म्हणून फोडणीआधी तेलाची बाटली काट्यावर ठेवा, फोडणीनंतर पुन्हा ठेवा. जितकी घट, तितकं तेल पातेल्यात. आईची पळी बदलायला नको.

समजा ३०० ग्रॅम कांदा, २०० ग्रॅम टोमॅटो आणि ५५ ग्रॅम शेंगतेल गेलं. कांदा-टोमॅटोच्या मिळून १५५ कॅलरी होतात, एकट्या तेलाच्या ४९५. एकूण ६५०. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच लिहून ठेवा आणि अंडी सोडण्याआधी रस्स्यासकट पातेलं तोला. रस्सा १२०० ग्रॅम भरला, तर १०० ग्रॅमला ५४ कॅलरी आणि साडेचार ग्रॅमच्या आसपास चरबी. दोन अंडी आणि ३०० ग्रॅम रस्सा घेतलात, तर सुमारे ३१० कॅलरी, १४ ग्रॅम प्रथिनं, २४ ग्रॅम चरबी आणि १० ग्रॅम कर्बोदकं. भाकरी वेगळी धरायची.

नंतर पाणी वाढवलं तर रस्सा पुन्हा तोला. पातेल्यातल्या कॅलरी तेवढ्याच राहतात, शंभर ग्रॅममागचा आकडा तेवढा उतरतो.

मला वरची तर्री आवडते. मोजून ३०० ग्रॅमच घेतो, मग काय फरक पडतो? – सांगली

पुष्कळ पडतो. मसाला परतताना तेल सुटतं ते आपणच घातलेलं असतं, आणि रस्सा स्थिरावला की ते वर येतं. निव्वळ तर्रीचा एक मोठा चमचा म्हणजे जवळजवळ १४ ग्रॅम तेल. वरच्या हिशोबात एका माणसाचा वाटाच तेवढा आहे. तळापासून ढवळून वाढलं तरच वजनाचा हिशोब खरा. तर्री नकोच असेल, तर ती वाटीत काढून तोला आणि ग्रॅमला ९ कॅलरी या दरानं पातेल्यातून वजा करा. वाटीत थोडा रस्साही येतो, त्यामुळे वजाबाकी जरा हात राखून करा.

वाटणात सुकं खोबरं असतं, ते धरायचं का? – सातारा

धरायचंच. ४० ग्रॅम खोबऱ्यात २६ ग्रॅम चरबी असते. चौघांत माणशी ६५ कॅलरी वाढतात. भाजून तेल सुटलं म्हणून काही कमी होत नाही.

वजन उतरवायचंय, म्हणून दोन्ही पिवळे बलक काढून टाकते. बरोबर ना? – मिरज

मला हे पटत नाही. एका बलकात साडेचार ग्रॅम चरबी, म्हणजे तेलाचा एक लहान चमचा. पण त्याच बलकात अडीच ग्रॅमच्या वर प्रथिनंही असतात, ती तेलात मुळीच नाहीत. पातेल्यातलं तेल ५५ वरून २५ ग्रॅमवर आणा. माणशी ६७ कॅलरी वाचतात आणि अंडी अख्खी राहतात. कमी तेलात कांदा तळाला धरतो. तेव्हा चमचाभर गरम पाणी शिंपडा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परता.