सोसायटी, शाळा आणि नातेवाइकांचे ग्रुप: कुठे म्यूट, कुठे अर्काइव्ह, कुठे स्टार?

प्रश्न: "व्हॉट्सअ‍ॅपवर सोसायटीचा ग्रुप, मुलीच्या वर्गाचा पालक ग्रुप, माहेरचा, सासरचा... दिवसभर टिंग टिंग चालू असतं. ग्रुप सोडता येत नाहीत. म्यूट केलं की नेमकी कामाची सूचना राहून जाते. स्टार आणि अर्काइव्हचा नीट उपयोग कसा करायचा?"

आधी ग्रुपांची वाटणी करा. ती एकाच प्रश्नावर करायची: या ग्रुपमधली एखादी गोष्ट मला त्याच दिवशी कळायला हवी का? सोसायटी आणि शाळा यांचं उत्तर बहुतेक 'हो' असतं, त्यामुळे ते ग्रुप फक्त म्यूट करा. नातेवाइकांचे, जुन्या कॉलेजचे, गेल्या वर्षीच्या सहलीचे ग्रुप आठवड्याने वाचले तरी चालतात, ते अर्काइव्हमध्ये टाका. म्यूट आणि अर्काइव्ह ही कामं वेगळी आहेत. म्यूटने आवाज आणि नोटिफिकेशन थांबतं, पण ग्रुप यादीत वर येतच राहतो आणि न वाचलेल्यांचा आकडा दिसतो. अर्काइव्हने ग्रुप यादीतूनच बाजूला जातो. सूचना राहून जाते ती बहुधा सोसायटीचा ग्रुप अर्काइव्हमध्ये गेल्यामुळे, किंवा म्यूट असलेल्या ग्रुपमध्ये दिवसातून एकदाही डोकावलं न गेल्यामुळे.

म्यूट करताना ८ तास, १ आठवडा आणि कायमचं असे पर्याय येतात. सोसायटीसाठी `Always` निवडा. तुम्ही म्यूट केलंय हे ग्रुपमध्ये कोणालाही कळत नाही, त्यामुळे 'काकूंना काय वाटेल' ही काळजी नको. मग दिवसातल्या दोन वेळा ठरवून टाका, सकाळचा चहा आणि रात्रीची जेवणं आटोपल्यावर. तेवढं पुरतं.

अर्काइव्ह करण्याआधी एक सेटिंग पाहून घ्या. `Settings` मध्ये `Chats` आणि त्यात `Keep chats archived`. हे चालू असेल तर अर्काइव्ह केलेला ग्रुप नवा मेसेज आला तरी तिथेच राहतो आणि वाजतही नाही. बंद असेल तर पहिलाच 'शुभ सकाळ' आला की ग्रुप पुन्हा मुख्य यादीत. 'अर्काइव्ह करून काही उपयोग होत नाही' असं जे म्हणतात, त्यांचं हेच बटण बंद असतं.

आता एक गोष्ट, जी माहीत नसेल तर फोन बिघडल्यासारखा वाटतो. म्यूट किंवा अर्काइव्ह केलेल्या ग्रुपमध्येही कोणी तुमचं नाव `@` लावून टॅग केलं, किंवा तुमच्याच एखाद्या मेसेजला रिप्लाय दिला, तर नोटिफिकेशन येतं. अर्काइव्हच्या ओळीशेजारी `@` चिन्हही दिसतं. हा दोष नाही, हीच खरी सोय आहे. सेक्रेटरींना किंवा वर्गाच्या पालक प्रतिनिधींना सांगून ठेवा, 'माझ्याकडून उत्तर हवं असेल तर टॅग करा.' फक्त नाव टाइप करून चालत नाही, `@` नंतर खाली येणाऱ्या यादीतून नाव निवडावं लागतं. त्यांच्याकडे आणखी एक सोय आहे, मेसेज पिन करण्याची. एका ग्रुपमध्ये एका वेळी तीन मेसेज पिन होतात, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी. पाणी बंदची सूचना पिन असेल तर मधल्या चाळीस 'ओके'मधून ती शोधावी लागत नाही.

ग्रुप उघडल्यावरची खरी डोकेदुखी म्हणजे शोधणं. समजा शुक्रवारी दुपारी सेक्रेटरींनी लिहिलं, 'शनिवारी टाकी धुणार, सकाळी १० ते ४ पाणी नाही.' त्याखाली अंगठे, मग पार्किंगवरून वाद, मग कोणाच्या तरी नातवाचा फोटो. रात्री तुम्ही ग्रुपच्या सर्चमध्ये 'पाणी' टाकता. पण आपल्याकडे कोणी पाणी लिहितं, कोणी pani, कोणी paani, कोणी water. सर्चला अक्षरं जशीच्या तशी लागतात. सूचना फोटोत असेल, म्हणजे लेटरहेडवर छापून काढलेलं पत्रक असेल, तर त्यातले शब्द सर्चला मिळतच नाहीत. म्हणून दिसल्या दिसल्या स्टार. मेसेज दाबून धरा, वर चांदणी येते, तिच्यावर टॅप करा. नंतर ग्रुपच्या नावावर टॅप करून खाली `Starred messages` मध्ये गेलात की फक्त त्याच ग्रुपमधले स्टार दिसतात. सगळ्या ग्रुपांचे एकत्र हवे असतील तर अँड्रॉइडवर मुख्य पडद्याच्या वरच्या तीन ठिपक्यांत `Starred` आहे. तुमचे स्टार तुमच्याशिवाय कोणालाही दिसत नाहीत.

स्टार कशाला द्यायचा? ज्यावर मला काही करायचंय, त्यालाच. मेंटेनन्सचा बँक खाते क्रमांक, सहामाही परीक्षेचं वेळापत्रक, सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस. ही नोटीस सभेच्या १४ दिवस आधी येते, म्हणजे दोन आठवडे ती हाताशी लागते. सभा झाली की स्टार काढून टाका. चांगला सुविचार, छान फोटो, पुढेमागे लागेल असं वाटणारी काढ्याची कृती, यांना स्टार देत सुटलात तर महिन्याभरात ती यादीही ग्रुपसारखीच होते.

स्टारची मर्यादा मात्र लक्षात ठेवा. स्टार म्हणजे प्रत नव्हे, ती मूळ मेसेजवर लावलेली खूण आहे. पाठवणाऱ्याने मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला तर तुमचा स्टारही गेला. ग्रुपमध्ये आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील, तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी जी मुदत ठेवली असेल तिच्यानंतर स्टार दिलेला मेसेजही जातो. स्टार दिल्याने फोटो डाउनलोडही होत नाही. पत्रक नुसतं धूसर दिसत असेल तर आधी ते उतरवून घ्या, नंतर स्टार द्या.

म्हणून खरोखर हरवून चालणार नाही अशी वस्तू मी स्वतःलाच फॉरवर्ड करते. नवीन चॅट उघडलं की आपलंच नाव वर दिसतं, त्यात. खाली एक ओळ स्वतः टाइप करते, 'सहामाही वेळापत्रक, इयत्ता चौथी'. मूळ मेसेज डिलीट झाला तरी ही प्रत राहते आणि आपणच लिहिलेले शब्द सर्चला सापडतात.

शेवटी स्टोरेजचं. ग्रुप म्यूट किंवा अर्काइव्ह केला तरी त्यातले फोटो-व्हिडिओ येतच राहतात आणि फोन भरत जातो. `Storage and data` मध्ये जाऊन आपोआप डाउनलोड होण्याच्या यादीतून व्हिडिओ काढून टाका. आणि अँड्रॉइड असेल तर त्या ग्रुपच्या माहितीत `Media visibility` ला `No` करा, म्हणजे नातेवाइकांच्या ग्रुपमधले सुप्रभात गॅलरीत तुमच्या मुलीच्या फोटोंमध्ये मिसळत नाहीत. हे दुसरं सेटिंग फक्त गॅलरीतून लपवतं, जागा वाचवत नाही, त्यामुळे पहिलं केल्याशिवाय फोन भरणं थांबणार नाही.