चढावर व्हॅन दम टाकते: सायलेन्सर की कॅटॅलिस्ट?

प्रश्न: जुनी पेट्रोल व्हॅन चढावर ओढत नाही, आवाजही दबका झाला. सायलेन्सर बदलू का?

उत्तर: आधी कॅटॅलिस्ट तपासा, म्हणजे धुरातला विषारी भाग कमी करणारा, सायलेन्सरच्या आधीचा डबा. सायलेन्सर सडला असता तर आवाज वाढला असता. इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डला तडा असता तर थंड इंजिनावर टिकटिक आली असती. रेझोनेटर ठराविक वेगावरची घुमघुम मारतो, पण बहुतेकदा सरळ नळीच असल्याने धूर फारसा अडवत नाही. आवाज दबका आणि ताकद कमी, म्हणजे धुराची वाट तुंबली आहे.

पांढरकवड्याकडची अशीच व्हॅन माझ्याकडे आली होती. कॅटॅलिस्टच्या आधीचा, इंजिनाकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावला. २५०० आरपीएमला दाब साधारण ३ पीएसआयच्या आत हवा, तिथे ६ दिसला. मग कॅटॅलिस्टच्या मागचा जोड सैल केला, तरी ६च. म्हणजे सायलेन्सर निर्दोष. कॅटॅलिस्टच्या आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळली होती, कारण एक प्लग महिनोन्‌महिने मिस मारत होता आणि न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटत होतं.

प्लग-कॉइल आधी दुरुस्त करा, नाहीतर नवा कॅटॅलिस्टही जाईल. जाळी फोडून रिकामा डबा मात्र बसवू नका, विषारी धूर तसाच बाहेर पडतो. तपासणी थंड गाडीवरच सुरू करा, पाइप भाजतो.