सतरा, अठरा, साठ, एकसष्ट

"मॅडम, सर्टिफिकेट येऊन बारा दिवस झाले. लिंक्डइनवर टाकायचंय, पण चार ओळी लिहितो आणि पुसतो. चांगलं लिहिलं तर फुशारकी वाटते, साधं लिहिलं तर नोकरी गेलेला माणूस केविलवाणा वाटतो. नेमकं काय लिहू?"

कळव्याचे हे गृहस्थ नौपाड्यातल्या माझ्या खोलीत मोबाईल पुढे धरूनच बसले. वय चौतीस. सात वर्षं ऐरोलीच्या एका कंपनीत मॅन्युअल टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः वापरून त्यातल्या चुका शोधायचं काम केलं, मग कपातीत नोकरी गेली. घरी बसून त्यांनी आयएसटीक्यूबी या सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या संस्थेची फाउंडेशन, म्हणजे पहिल्या पायरीची परीक्षा दिली. 60 मिनिटांत 40 प्रश्न, पास व्हायला 26 गुण लागतात. यांना 31 मिळाले.

पुसायच्या आधी त्यांनी दोन मसुदे जपून ठेवले होते. पहिल्याची सुरुवात 'थ्रिल्ड अँड हंबल्ड टू अनाउन्स'. पुढे 'सर्टिफाइड टेस्टिंग एक्स्पर्ट', तीन रॉकेटं आणि पंधरा हॅशटॅग. दुसरा मसुदा याच्या अगदी उलट: 'छोटंसं सर्टिफिकेट आहे, अजून खूप शिकायचं आहे, सांभाळून घ्या.' मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात आई बोलते ना, तसा.

मी म्हटलं, "दोन्हीत तुम्ही कुठे आहात? एकात विशेषणं आहेत, दुसऱ्यात माफी. अभ्यास करून हातात काय फरक पडला, ते सांगा."

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "कर्जाच्या अर्जात वयाची चौकट असते बघा, 18 ते 60. पूर्वी मी 20, 25, 30, 40 असं काहीही टाकून बघायचो. आता आधी 17, 18, 60, 61 टाकतो. चूक बहुतेक वेळा काठावर सापडते. 'पेक्षा मोठं'च्या जागी 'पेक्षा मोठं किंवा बरोबर' लिहिलं गेलं, की गोंधळ तिथेच होतो. 25 टाकून तो कधीच दिसत नाही."

हे सांगताना त्यांची मान वर आली होती. मी म्हटलं, "हीच तुमची कॅप्शन."

लगेच त्यांना जुन्या कंपनीतल्या एका बँकेच्या अ‍ॅपमधली खरी चूक लिहायची हुक्की आली. ती मी काढायला लावली. ग्राहकाच्या चुका चव्हाट्यावर मांडणारा टेस्टर कोण ठेवेल? त्याऐवजी घरी स्वतः एक काल्पनिक अर्ज बनवून त्याच्या टेस्ट केसेस, म्हणजे काय टाकलं तर काय व्हायला हवं याची यादी लिहायला सांगितलं. तीन दिवसांनी ते कागद घेऊन आले.

'एक्स्पर्ट' गेलं, पण 'फाउंडेशन' मात्र ठेवायला लावलं. त्यांना तो शब्द कमीपणाचा वाटत होता. मुलाखत घेणाऱ्याला या परीक्षेच्या पायऱ्या ठाऊक असतात. तो शब्द गाळला की त्याला पहिली शंका तिथेच येते, आणि खरी फुशारकीही तिथेच होते. 31 गुणही काढले. पास म्हणजे पास, गुण विचारले तर सांगावेत.

फीडमध्ये आधी दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. म्हणून आभार, प्रवास वगैरे सुरुवातीला नको. त्यांनी कॅप्शन इंग्रजीत टाकली, तिचा मराठी अनुवाद असा:

'वयाची मर्यादा 18 ते 60 असेल, तर मी आधी 17, 18, 60 आणि 61 टाकून बघतो. सात वर्षं हे काम अंदाजाने करत होतो. आयएसटीक्यूबी फाउंडेशनच्या अभ्यासात त्यामागची पद्धत शिकलो आणि या महिन्यात परीक्षा पास झालो. सरावासाठी कर्जाचा एक नमुना अर्ज घेऊन टेस्ट केसेस लिहिल्यात, त्या सोबत आहेत. ठाणे, ऐरोली, महापे भागात मॅन्युअल टेस्टिंगचं काम शोधतोय, लगेच रुजू होऊ शकतो.'

शेवटच्या वाक्यावर ते अडखळले. "नोकरी नाही हे सगळ्यांना कळेल." अर्थात. पण काम हवंय हेच लिहिलं नाही, तर वाचणारा अभिनंदन करून पुढे जातो. 'लगेच रुजू' ही तर त्यांची जमेची बाजू. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असलेल्यांना ते लिहिता येत नाही.

सर्टिफिकेटचा नंबर कॅप्शनमध्ये नको म्हटलं. त्याची जागा प्रोफाइलमधल्या Licenses & certifications मध्ये, Credential ID समोर. ज्याला तपासायचंय तो तिथे बघतो. फोटो टाकायचाच, तर टेस्ट केसेसच्या पानाचा टाका, असं माझं मत. सर्टिफिकेटं सगळ्यांची सारखीच दिसतात.

मंगळवारी सकाळी पोस्ट गेली. अभिनंदनं बेताचीच आली. गुरुवारी मात्र जुन्या टीम लीडचा मेसेज आला, "17 आणि 61 ठीक. चौकट रिकामी सोडली तर?" यांनी सात ओळींचं उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला फोन केला, "मॅडम, हे जास्त तर होत नाही ना?"

मी म्हटलं, "उत्तर बरोबर आहे का?"

"शंभर टक्के."

"मग पाठवा."