कपाटामागची बुरशी
नाशिकमध्ये पावसाळ्यात कपाटामागे बुरशी येते. ह्युमिडिफायर घ्यावा की डीह्युमिडिफायर?

डीह्युमिडिफायरच घ्यावा, दुसरे यंत्र हवेत बाष्प सोडते, त्याने बुरशी उलट फोफावेल. मात्र आर्द्रतामापक खोलीच्या मधोमध न ठेवता कपाटामागे ठेवावे, कारण खोलीत २५ अंशांना ७० टक्के आर्द्रता असली, तरी २२ अंशांच्या गार भिंतीलगत तीच हवा सुमारे ८४ टक्क्यांवर जाते, आणि ८० टक्क्यांपुढे भिंत ओली दिसत नसली तरी बुरशी धरते. यंत्र ५० ते ५५ टक्क्यांवर लावून, खिडक्या बंद ठेवून चालवावे आणि कपाट वीतभर पुढे ओढावे. बाहेरून पाणी झिरपत असेल, तर आधी भिंत दुरुस्त करावी. तिथे यंत्राचे काही चालत नाही. ह्युमिडिफायरचा विचार हिवाळ्यात, तोही आर्द्रता ३० टक्क्यांखाली गेली तरच करावा.