अर्धशिशीच्या गोळ्या: कोणती, कधी

प्रश्न: बायकोला अर्धशिशी आहे. डॉक्टरांनी नॅप्रोक्सेन, सुमाट्रिप्टान आणि डॉम्पेरिडोन दिलंय. कोणती गोळी कधी घ्यायची, हे कागदावर कसं लिहावं? (परभणी)

उत्तर: दुखणं किती आहे यापेक्षा त्या वेळी तिला काय जमतंय, त्यावरून तीन ओळी लिहा.

सौम्य (काम चालू आहे): नॅप्रोक्सेन ५०० मिग्रॅ, काहीतरी खाऊन.
मध्यम (हातातलं काम ठेवावं लागतंय): सुमाट्रिप्टान ५० मिग्रॅ, डोकं दुखायला लागताच. डोळ्यांपुढे नुसती तिरमिरी असेल तर थांबा.
तीव्र (अंधारात पडून, मळमळ): आधी डॉम्पेरिडोन १० मिग्रॅ, मग सुमाट्रिप्टान आणि नॅप्रोक्सेन सोबत.

मी लातुरात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. गडबड बहुतेक दुसऱ्या गोळीला होते, म्हणून ती ओळ ठळक लिहा: सुमाट्रिप्टानने दुखणं थांबून परत आलं, तरच दोन तासांनी दुसरी. पहिलीने काहीच फरक पडला नाही तर त्याच झटक्याला दुसरी नको. गोळी उलटून पडत असेल तर डॉक्टरांना नाकातला स्प्रे विचारा. प्रत्येक गोळीची खूण कॅलेंडरवर करा (दुकानाचं फुकटचंही चालतं). महिन्यात दहा दिवस सुमाट्रिप्टान झालं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

मात्र हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला बीपी असेल तर सुमाट्रिप्टान चालत नाही. गरोदरपण किंवा अल्सर असेल तर नॅप्रोक्सेनही विचारल्याशिवाय नको. म्हणून कागदावर डॉक्टरांची सही घ्या. अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, बोबडी वळली किंवा हातातली ताकद गेली, तर कागद बाजूला ठेवून थेट दवाखाना.