शेअरचे ‘वाटप’ की ‘विक्री’?

प्रश्न: आमच्या लहानशा स्टार्टअपमध्ये संचालकांच्या सभेचं इतिवृत्त मराठीतही ठेवतो. ‘गुंतवणूकदारांना समभागांचे वाटप करण्यास मंजुरी देण्यात आली’ असं लिहिलं, तर एक भागीदार म्हणतो की ‘वाटप’ म्हणजे साखर वाटल्यासारखं वाटतं. पैसे घेतलेत, तर ‘विक्री’ लिहा. बरोबर काय?

‘वाटप’च ठेवा. तुमच्या वाक्यात बदलायला हवं ते दुसरंच आहे, त्याकडे पुढे येतो.

‘वाटप’ला फुकटेपणाचा वास येतो तो पेढे वाटणे, पत्रकं वाटणे यांमुळे. पण त्याच धातूचा दुसरा वापर आपल्या रोजच्या कानावरचा आहे. एमआयडीसी भूखंडांचं वाटप करते, सिडको वाटपपत्र देते, आणि तिथे कोणी फुकट काही नेत नाही. मोबदला घेतला की नाही, हे ‘वाटप’ हा शब्द सांगतच नाही. ज्याच्या हाती अधिकार आहे तो, अजून कोणाच्याही नावावर नसलेल्यातून अमुक इतकं अमुक माणसाच्या नावे नेमून देतो, एवढाच त्याचा अर्थ. सख्ख्या भावांत होते ती ‘वाटणी’, कारण मालमत्ता आधीच त्यांची असते. ‘वाटप’ वरून, अधिकाराने होतं. बारावी वाणिज्यच्या मराठी पुस्तकांतही ‘भागवाटप’ हाच शब्द रुळलेला आहे.

‘विक्री’ मात्र इथे अर्थानेच चुकते. विकायला वस्तू आधी विकणाऱ्याची असावी लागते. संस्थापकाने आपल्या नावचे शेअर गुंतवणूकदाराला दिले तर ती विक्री, मग हस्तांतर, आणि पैसा संस्थापकाच्या खिशात. कंपनी नवे शेअर देते तेव्हा ते त्या क्षणापर्यंत कोणाचेच नसतात, आणि पैसा कंपनीत येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली श्री गोपाल जालान विरुद्ध कलकत्ता स्टॉक एक्स्चेंज असोसिएशन या खटल्यात हाच भेद सांगितला: आधी कोणालाही न दिलेल्या भांडवलातून ठरावीक शेअर एखाद्याला नेमून देणं म्हणजे वाटप. म्हणून जप्त केलेले शेअर पुन्हा कोणाला देणं त्यांनी वाटप मानलं नाही. ते शेअर एकदा जन्माला आलेले होते. आपल्या ‘वाटप’ शब्दाच्या पोटात हा अर्थ अगदी नेमका बसतो, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता ‘समभाग’. हा शब्द तुमच्या वाक्यात बहुधा चुकीचा असेल. समभाग म्हणजे इक्विटी. स्टार्टअपमधले गुंतवणूकदार मात्र बऱ्याचदा सक्तीने परिवर्तनीय अग्रहक्क भाग घेतात. ते नंतर समभागांत बदलतात, वाटपाच्या दिवशी समभाग नसतात. करारात अग्रहक्क भाग आणि इतिवृत्तात समभाग असेल, तर दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. नेमका प्रकार लिहा, किंवा एकदा पूर्ण नाव लिहून पुढे नुसतं ‘भाग’ म्हणा.

खरी अडचण ‘करण्यास मंजुरी देण्यात आली’ या शेपटात आहे. मंजुरी म्हणजे परवानगी. वाटप अजून व्हायचं आहे, आणि ते कोण, कधी करणार हे वाक्य सांगत नाही. संचालक मंडळ मात्र सभेत परवानगी देत नसतं, स्वतःच वाटप करत असतं. ‘मी राजीनामा देत आहे’ म्हटलं की राजीनामा दिला जातो, तसाच हा ठराव आहे. म्हणून मराठी कायदेशीर लेखनातला ‘याद्वारे’ इथे कामाला येतो: ‘याद्वारे वाटप करण्यात येत आहे’. कंपनी सचिवांच्या संस्थेचे सभांबाबतचे मानकही हेच सांगते की इतिवृत्त भूतकाळात आणि तृतीय पुरुषात लिहावं, ठराव मात्र वर्तमानकाळात. दोन काळ एका पानावर दिसले की नवख्याला ते दुरुस्त करावेसे वाटतात. करू नका.

‘करण्यात येईल’ने काय होतं ते मी पाहिलं आहे. एका कंपनीच्या जुन्या इतिवृत्तात भविष्यकाळ होता. सभासद नोंदवहीत गुंतवणूकदाराचं नाव होतं, पैसे आले होते, पण पुढच्या फेरीच्या वेळी नव्या गुंतवणूकदाराच्या वकिलांनी विचारलं, ‘हे पुढे करू म्हणालात, मग केलं कुठल्या सभेत?’ दाखवायला दुसरा ठराव नव्हता.

‘फंडिंग राउंडला मंजुरी’ या शब्दांनीही गोंधळ होतो. कायद्याला ‘राउंड’ माहीत नाही. त्याला माहीत आहेत किती भाग, कोणाला, कोणत्या किमतीला, आणि कोणाचे पैसे आले. एक उदाहरण घेऊ. संस्थापकांचे १०,००० भाग आहेत, गुंतवणुकीआधी कंपनीचं मोल ८ कोटी रुपये ठरलं, म्हणजे एका भागाची किंमत ८,००० रुपये: दर्शनी १० आणि अधिमूल्य ७,९९०. फेरी २ कोटींची, म्हणून भाग २,५००. पहिल्या गुंतवणूकदाराचे १,५००, दुसऱ्याचे १,०००. पहिल्याचे १ कोटी २० लाख २० एप्रिलला वेगळ्या बँक खात्यात जमा झाले, दुसऱ्याचे ८० लाख आलेले नाहीत. ५ मेच्या सभेत वाटप १,५०० भागांचंच होईल. ‘राउंड मंजूर’ लिहिलं, तर २,५०० भाग दिल्यासारखं वाचलं जाईल, आणि भागधारणेचा तक्ता चुकेल.

तारखाही याच शब्दाला बांधलेल्या आहेत. खाजगी कंपनीच्या अशा निधी उभारणीत पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप व्हावं लागतं. इथे १९ जूनपर्यंत. नाही झालं तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करायचे, नाहीतर ६०व्या दिवसानंतरचं १२ टक्के व्याज लागतं. वाटप झालं की १५ दिवसांत ते कंपनी निबंधकाला कळवणारा PAS-3 हा फॉर्म भरायचा, म्हणजे २० मेपर्यंत. आणि तो भरेपर्यंत तो पैसा वापरता येत नाही. ‘वाटप’ नेमकं कोणत्या दिवशी झालं हे इतिवृत्तातून ठामपणे कळलं नाही, तर यातली एकही मुदत पाळली की नाही हे सांगता येत नाही.

तुमच्यासाठी मी असं लिहीन:

‘पहिल्या गुंतवणूकदाराकडून १ कोटी २० लाख रुपये दि. २० एप्रिल रोजी कंपनीच्या स्वतंत्र बँक खात्यात जमा झाल्याचे अध्यक्षांनी सांगितले व बँकेचे विवरण सभेपुढे ठेवले. चर्चेअंती पुढील ठराव एकमताने संमत झाला. ठराव असा की, सभासदांनी विशेष ठरावाद्वारे दिलेल्या मान्यतेनुसार, प्रत्येकी १० रुपये दर्शनी मूल्याच्या १,५०० सक्तीने परिवर्तनीय अग्रहक्क भागांचे, प्रत्येकी ७,९९० रुपये अधिमूल्यासह, सदर गुंतवणूकदारास याद्वारे वाटप करण्यात येत आहे.’

‘सांगितले’, ‘ठेवले’, ‘संमत झाला’ हा भूतकाळ. ठरावात मात्र ‘येत आहे’. ‘सदर गुंतवणूकदारास’च्या जागी पूर्ण नाव घाला. दुसऱ्याचे ८० लाख आले की त्याच्या १,००० भागांसाठी वेगळी सभा घेऊन हेच वाक्य पुन्हा लिहा, आणि त्याचे ६० दिवस त्याच्या पैशांच्या तारखेपासून मोजा.